बहुपुटी मूत्रपिंड विकार आणि उच्च रक्तदाब

बहुपुटी मूत्रपिंड विकार हा मूत्रपिंडांचा आनुवंशिक विकार आहे. या विकारात दोन्ही मूत्रपिंडांत द्रवाने भरलेल्या असंख्य पिशव्या तयार होतात आणि वर्षानुवर्षे वाढत राहतात. या पिशव्यांना शास्त्रीय परिभाषेत द्रवपुटी, तर व्यवहारात सिस्ट किंवा पाण्याच्या गाठी म्हणतात. विकाराचा उल्लेखही बहुधा पॉलिसिस्टिक किडनी किंवा पीकेडी या नावाने होतो. प्रौढांमध्ये आढळणारा त्याचा प्रकार सुमारे एक हजार ते अडीच हजार व्यक्तींमागे एकीला होतो आणि मूत्रपिंडांच्या आनुवंशिक विकारांत तो सर्वाधिक आढळतो.

उच्च रक्तदाब हे या विकाराचे बहुधा सर्वांत आधी दिसणारे लक्षण होय. निम्म्याहून अधिक रुग्णांचा रक्तदाब मूत्रपिंडांचे कार्य घटण्यापूर्वीच, साधारणपणे वयाच्या तिशीच्या आसपास वाढलेला असतो. त्या वेळी रक्तातील क्रिएटिनीनचे प्रमाण सामान्य असते आणि रुग्णाला कोणताही त्रास जाणवत नाही. त्यामुळे तरुण वयातील वाढलेला रक्तदाब ही विकार ओळखण्याची पहिली संधी असते आणि उपचारांची सुरुवातही तेथूनच होते.

## आनुवंशिकता

प्रौढ प्रकारचा विकार प्रभावी जनुकामुळे होतो. आई किंवा वडील यांपैकी एकास विकार असल्यास प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता ५० टक्के असते. मुलगा व मुलगी यांना ही शक्यता सारखीच असते आणि प्रत्येक अपत्यासाठी ती स्वतंत्रपणे लागू होते. सुमारे दहा टक्के रुग्णांच्या कुटुंबात मात्र विकाराचा पूर्वेतिहास आढळत नाही.

बहुतेक रुग्णांमध्ये दोष पीकेडी-१ किंवा पीकेडी-२ या जनुकांपैकी एकात असतो. पीकेडी-१ हे जनुक १६ व्या गुणसूत्रावर असून त्याचा शोध १९९४ साली लागला. पीकेडी-२ हे ४ थ्या गुणसूत्रावर असून ते १९९६ साली ओळखले गेले. सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांत पीकेडी-१ सदोष असते व त्यांचा विकार वेगाने वाढतो. त्यांची मूत्रपिंडे सरासरीने वयाच्या पन्नाशीत निकामी होतात. पीकेडी-२ मधील दोष तुलनेने सौम्य असून अशा रुग्णांवर ही वेळ बहुधा सत्तरीनंतर येते. म्हणूनच एखाद्या कुटुंबात वडिलांना कितव्या वर्षी डायलिसिस सुरू करावे लागले, ही माहिती मुलांच्या बाबतीतही महत्त्वाची ठरते.

## द्रवपुटींची वाढ

प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख नेफ्रॉन असतात. नेफ्रॉन म्हणजे रक्त गाळून मूत्र तयार करणारे सूक्ष्म एकक. त्याच्या आरंभी अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांचा झुबका असतो, त्यास केशिकागुच्छ म्हणतात. त्यापुढे एक लांब नलिका असते. बहुपुटी विकारात या नलिकेच्या भिंतीचा एखादा भाग फुग्यासारखा फुगतो, त्यात द्रव साठतो आणि काही काळाने ती पिशवी मूळ नलिकेपासून अलग होते. अशा पिशव्या एकूण नेफ्रॉनांपैकी अगदी थोड्यांतच निर्माण होतात. परंतु वाढता वाढता त्या शेजारच्या निरोगी नेफ्रॉनांना व रक्तवाहिन्यांना दाबू लागतात.

निरोगी प्रौढ व्यक्तीचे मूत्रपिंड साधारण १० ते ११ सेंटिमीटर लांब असते. या विकारात ते वाढून त्याचे वजन एक किलोग्रॅमहूनही अधिक होऊ शकते. अमेरिकेत प्रतिमा-तपासणीद्वारे केलेल्या व २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रुग्णांच्या मूत्रपिंडांचे आकारमान दरवर्षी सरासरी ५ टक्क्यांहून थोडे अधिक वाढत असल्याचे आढळले. या गतीने आकारमान साधारण १४ वर्षांत दुप्पट होते.

या काळात मूत्रपिंडांचा गाळणदर, म्हणजे दर मिनिटाला गाळल्या जाणाऱ्या द्रवाचे प्रमाण, बराच काळ जवळजवळ कायम राहतो. काही नेफ्रॉन नष्ट झाले, तरी उरलेले नेफ्रॉन अधिक काम करून ती उणीव भरून काढतात. ही भरपाई कमी पडू लागली की गाळणदर उतरू लागतो आणि त्यानंतर तो वर्षागणिक घटत जातो. म्हणून या विकारात सामान्य क्रिएटिनीनचा अर्थ मूत्रपिंडे निरोगी आहेत असा होत नाही.

## रक्तदाब का वाढतो

मूत्रपिंडाचा विकार व रक्ताभिसरण यांचा संबंध लंडनमधील वैद्य रिचर्ड ब्राइट यांच्या लक्षात एकोणिसाव्या शतकातच आला होता. मूत्रपिंडाच्या विकाराने मरण पावलेल्या अनेक रुग्णांचे हृदय मोठे व जाड झालेले असते, असे त्यांनी १८३६ साली नोंदवले. रक्तदाब मोजण्याचे साधन त्या वेळी नव्हते. पुढे १९३४ साली अमेरिकी संशोधक हॅरी गोल्डब्लाट यांनी कुत्र्यांच्या मूत्रपिंडाकडे जाणारी रोहिणी चिमट्याने अंशतः आवळली, तेव्हा त्या प्राण्यांचा रक्तदाब वाढून तसाच राहिला. मूत्रपिंडाला रक्त कमी पडले की ते संपूर्ण शरीराचा रक्तदाब वाढवते, हे या प्रयोगातून दिसून आले.

बहुपुटी विकारात हाच प्रकार मूत्रपिंडाच्या आत अनेक ठिकाणी घडतो. वाढत्या द्रवपुटी लहान रोहिण्यांना ताणतात व दाबतात. त्यांच्यापुढील ऊतीला रक्त कमी पडते. शरीराचा रक्तदाबच उतरला आहे अशा समजुतीने ती ऊती रेनिन हे द्रव्य रक्तात सोडते. रेनिनमुळे पुढे अँजिओटेन्सिन-२ तयार होते. ते शरीरभरच्या रक्तवाहिन्या आकुंचित करते आणि अल्डोस्टेरॉन या संप्रेरकाचा स्राव वाढवते. अल्डोस्टेरॉनमुळे मूत्रपिंडे मीठ व पाणी धरून ठेवतात. अरुंद झालेल्या वाहिन्या आणि वाढलेला द्रव या दोहोंमुळे रक्तदाब चढतो. हा संदेश स्थानिक अडथळ्यामुळे निघालेला असल्याने द्रवपुटी असेपर्यंत तो थांबत नाही.

## रक्तदाब मूत्रपिंडाची हानी कशी करतो

शरीरातील बहुतेक केशिकांमध्ये दाब फारच कमी असतो. केशिकागुच्छात मात्र तो गाळण्याच्या कामासाठी मुळातच जास्त, सुमारे ५० ते ६० मिमी पारा इतका असतो. गुच्छात रक्त आणणारी एक सूक्ष्म रोहिणिका असते आणि बाहेर नेणारी दुसरी. आत येणारी रोहिणिका निरोगी स्थितीत दाराच्या झडपेसारखी वागते. शरीराचा रक्तदाब वाढला की ती आवळते व आतील नाजूक केशिकांचे रक्षण करते.

नेफ्रॉनांची संख्या घटली की ही व्यवस्था बिघडते. उरलेल्या नेफ्रॉनांना अधिक रक्त गाळावे लागते, म्हणून त्यांची आत येणारी रोहिणिका सैल होते. बाहेर नेणारी रोहिणिका अँजिओटेन्सिनमुळे आवळलेली असते. नळीचे पुढचे तोंड दाबून मागचा नळ मोकळा सोडावा, तशी ही स्थिती असते. शरीराचा वाढलेला दाब आता थेट केशिकागुच्छावर येतो. गुच्छाच्या भिंतींना इजा होऊन त्यांतून अल्ब्युमिन हे प्रथिन मूत्रात झिरपू लागते आणि कालांतराने संपूर्ण गुच्छ कठीण होऊन निकामी होतो. त्याचे काम पुन्हा उरलेल्यांवर येते, त्यांच्यातील दाब आणखी वाढतो व तेही नष्ट होऊ लागतात. बॅरी ब्रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली ही मीमांसा मांडली.

मूळ विकार कोणताही असला, तरी नेफ्रॉनांचा एक मोठा हिस्सा नष्ट झाल्यावर हे चक्र सुरू होते. रक्तदाब नियंत्रणाचा उद्देश ते चक्र मंदावणे हा आहे.

## इतर जुनाट मूत्रपिंड विकारांशी तुलना

मधुमेहजन्य मूत्रपिंड विकारात हानीचा आरंभ केशिकागुच्छातच होतो. त्यामुळे मूत्रात अल्ब्युमिन जाणे हे त्याचे आरंभीचे लक्षण असते. आयजीए नेफ्रोपॅथी या विकारात केशिकागुच्छात प्रतिपिंडे साचतात. घसादुखीच्या सुमारास मूत्र तांबूस होणे किंवा तपासणीत मूत्रात रक्त व प्रथिन आढळणे ही त्याची खूण आहे. मूत्रपिंडाची मुख्य रोहिणी अरुंद झाली, तर रक्तदाब अचानक चढतो व अनेक औषधांना दाद देत नाही.

बहुपुटी विकार या सर्वांहून निराळा आहे. त्यात मूळ बिघाड नलिकेत असतो, मूत्रातील अल्ब्युमिन बहुधा अल्प असते आणि मूत्रपिंडे आकसण्याऐवजी मोठी होतात. कमरेत किंवा कुशीत दुखणे, मूत्रात अधूनमधून रक्त येणे, मूतखडे आणि द्रवपुटीत जंतुसंसर्ग होणे ही त्याची इतर लक्षणे होत. अनेकांच्या यकृतातही द्रवपुटी असतात. सुमारे दहा टक्के रुग्णांच्या मेंदूतील रोहिणीवर फुगवटा आढळतो. तो फुटल्यास मेंदूत प्राणघातक रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून कधीही न अनुभवलेली तीव्र डोकेदुखी अचानक उद्भवल्यास या रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे लागते.

या भेदामुळे रक्तदाब नियंत्रणाचा लाभही सर्व विकारांत सारखा नसतो.

## नियंत्रणाचा लाभ किती

मधुमेहजन्य विकारातील एक महत्त्वाचा अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला. त्यात टाइप-१ मधुमेहाच्या ४०९ रुग्णांपैकी काहींना कॅप्टोप्रिल आणि इतरांना निष्क्रिय गोळी देण्यात आली. रक्तदाब दोन्ही गटांत इतर औषधांनी नियंत्रित ठेवला होता. कॅप्टोप्रिल घेणाऱ्या २०७ पैकी २५ जणांचे, तर दुसऱ्या गटातील २०२ पैकी ४३ जणांचे क्रिएटिनीन दुप्पट झाले. कॅप्टोप्रिलमुळे अँजिओटेन्सिन-२ तयार होण्यास अटकाव होतो. परिणामी बाहेर नेणारी रोहिणिका सैल होऊन केशिकागुच्छातील दाब उतरतो. दंडावर मोजलेल्या रक्तदाबाइतकाच हा आतील दाबही महत्त्वाचा असतो, असे या निष्कर्षावरून दिसते. मूत्रात प्रथिन जितके अधिक, तितका या औषधांचा लाभ मोठा, असे मधुमेहेतर विकारांतही पुढे आढळले.

बहुपुटी विकारासाठी अमेरिकेत हॉल्ट-पीकेडी हा अभ्यास झाला व २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या पहिल्या भागात १५ ते ४९ वयाचे, मूत्रपिंडांचे कार्य चांगले असलेले ५५८ रुग्ण होते. एका गटाचा रक्तदाब १२०/७० ते १३०/८० या पातळीत, तर दुसऱ्याचा ९५/६० ते ११०/७५ या अधिक खालच्या पातळीत ठेवण्यात आला. पहिल्या गटात मूत्रपिंडांचे आकारमान वर्षाला ६.६ टक्के, तर दुसऱ्या गटात ५.६ टक्के वाढले. दुसऱ्या गटात मूत्रातील अल्ब्युमिन घटले आणि हृदयाच्या डाव्या कप्प्याची जाडीही अधिक प्रमाणात कमी झाली. गाळणदराच्या एकूण घसरणीत मात्र दोन्ही गटांत लक्षणीय फरक पडला नाही. खालच्या पातळीच्या गटात चक्कर येण्याचे प्रमाण अधिक होते.

याचा अर्थ असा की, बहुपुटी विकारात रक्तदाब नियंत्रणामुळे द्रवपुटींची वाढ मंदावते, पण थांबत नाही. हृदयाचे संरक्षण हा त्याचा मोठा लाभ आहे, कारण या रुग्णांच्या मृत्यूच्या कारणांत हृदयविकार प्रमुख आहे. रक्तदाब दीर्घकाळ अनियंत्रित राहिल्यास वर वर्णन केलेले चक्र द्रवपुटींच्या हानीत भर घालते.

## उपचार

लक्ष्य. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूत्रांनुसार १८ ते ४९ वयाच्या, मूत्रपिंडांचे कार्य चांगले असलेल्या रुग्णांनी घरी मोजलेला रक्तदाब, सहन होत असल्यास, ११०/७५ किंवा त्याखाली ठेवावा. पन्नाशीनंतर वरचा आकडा १२० च्या खाली ठेवणे हे लक्ष्य मानले जाते. चक्कर, अशक्तपणा किंवा पडण्याचा धोका असल्यास लक्ष्य शिथिल केले जाते.

मोजमाप. एवढे खालचे लक्ष्य ठेवायचे, तर मोजमाप अचूक हवे. पाठीला आधार देऊन, पाय जमिनीला टेकवून पाच मिनिटे शांत बसावे. दंडाच्या मापाचा पट्टा उघड्या दंडावर बांधून हात हृदयाच्या पातळीवर ठेवावा. मोजताना बोलू नये. चहा, कॉफी किंवा तंबाखू घेऊन अर्धा तास झालेला असावा. सकाळी व संध्याकाळी दोन-दोन वेळा, असे आठवडाभर मोजून सरासरी काढावी.

मीठ. दिवसभरात सर्व मिळून पाच ग्रॅम, म्हणजे सपाट चहाचा चमचाभर मीठ, ही मर्यादा आहे. लोणचे, पापड, फरसाण, सुकी मासळी आणि बेकरीचे पदार्थ यांतील मीठही त्यात मोजावे लागते. अल्डोस्टेरॉनच्या प्रभावामुळे हे रुग्ण मीठ अधिक धरून ठेवतात. मीठ कमी केल्याने औषधांचा परिणामही वाढतो. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असते, म्हणून ते वैद्यकीय सल्ल्याशिवाय वापरू नये.

औषधे. रामिप्रिल, एनालाप्रिल यांसारखी अँजिओटेन्सिनची निर्मिती रोखणारी किंवा टेल्मिसार्टन, लोसार्टन यांसारखी त्याची क्रिया रोखणारी औषधे प्रथम दिली जातात. हॉल्ट-पीकेडीच्या दुसऱ्या भागात दोन्ही प्रकारची औषधे एकत्र दिल्याने अधिक लाभ आढळला नाही. म्हणून त्यांपैकी एकच निवडले जाते व गरजेनुसार अन्य गटातील औषध जोडले जाते. ही औषधे गरोदरपणात गर्भाला घातक असल्यामुळे मूल हवे असलेल्या स्त्रीचे औषध आधीच बदलावे लागते.

टोलव्हॅप्टन हे औषध द्रवपुटींच्या वाढीवरच परिणाम करते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यामुळे आकारमानाची वार्षिक वाढ ५.५ वरून २.८ टक्क्यांवर आली. मात्र त्यामुळे लघवीचे प्रमाण फार वाढते आणि यकृताला इजा होऊ शकते, म्हणून ते वेगाने वाढणाऱ्या विकारातच, नियमित रक्ततपासणीसह देतात.

## उदाहरण

पुढील उदाहरण काल्पनिक असून त्यातील आकडे नेहमीच्या व्यवहाराला धरून आहेत.

३४ वर्षांच्या एका पुरुषाचा रक्तदाब नोकरीपूर्व तपासणीत १५२/९८ आढळतो. त्याच्या वडिलांना ५४ व्या वर्षी डायलिसिस सुरू झालेले असते. त्याचे क्रिएटिनीन १.० मिलिग्रॅम, म्हणजे गाळणदर १०० च्या आसपास असतो. सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडांत अनेक द्रवपुटी दिसतात व त्यांची लांबी १५ सेंटिमीटर भरते. घरी आठवडाभर मोजलेली सरासरी १४६/९४ येते. केवळ क्रिएटिनीन पाहिले असते, तर विकार लक्षात आला नसता.

त्याला टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम सुरू होते. दोन आठवड्यांनी क्रिएटिनीन १.१ येते. ही दहा टक्के वाढ अपेक्षित असते. केशिकागुच्छातील दाब उतरल्याने गाळणदर आरंभी किंचित घटतो. ३० टक्क्यांपर्यंतची अशी वाढ, पोटॅशियम मर्यादेत असल्यास, औषध बंद करण्याचे कारण ठरत नाही. येथे 'औषधाने किडनी बिघडली' असे समजून गोळी सोडणारे रुग्ण पुष्कळ असतात. पुढे मीठ कमी करून व मात्रा ८० मिलिग्रॅम केल्यावर तीन महिन्यांत सरासरी ११२/७४ वर येते.

वर्षभराने त्याला जुलाब व उलट्या होतात. अंगदुखीसाठी तो तीन दिवस वेदनाशामक गोळ्या घेतो आणि टेल्मिसार्टनही चालू ठेवतो. क्रिएटिनीन १.९ पर्यंत चढते. ही वाढ ७० टक्क्यांहून अधिक असल्याने धोक्याची असते. जुलाबांमुळे शरीरातील द्रव घटलेला असतो, वेदनाशामकामुळे रक्त आणणारी रोहिणिका आवळलेली असते आणि टेल्मिसार्टनमुळे बाहेर नेणारी सैल झालेली असते. त्यामुळे गाळण्यासाठी लागणारा दाबच उरत नाही. डॉक्टर दोन्ही औषधे थांबवून सलाईन देतात व आठवड्याने क्रिएटिनीन १.१ वर येते. त्यानंतर टेल्मिसार्टन पुन्हा सुरू होते, वेदनाशामक मात्र कायमचे वर्ज्य होते. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक ही या गटातील नेहमीची नावे आहेत.

## कुटुंबातील तपासणी

रुग्णाची भावंडे व प्रौढ अपत्ये यांचा रक्तदाब मोजून सोनोग्राफी केली जाते. कुटुंबात विकार असल्यास १५ ते ३९ वयात दोन्ही मूत्रपिंडांत मिळून किमान तीन, ४० ते ५९ वयात प्रत्येक मूत्रपिंडात किमान दोन आणि साठीनंतर प्रत्येकी किमान चार द्रवपुटी असल्या, तर निदान निश्चित मानतात. वयानुसार एखाददुसरी साधी द्रवपुटी निरोगी व्यक्तीतही आढळते, म्हणून हे निकष वयासोबत बदलतात. लहान वयात निर्दोष आलेली सोनोग्राफी विकार नसल्याची खात्री देत नाही. मात्र चाळिशीनंतर दोनपेक्षा कमी द्रवपुटी आढळल्यास विकार नसल्याचे मानता येते. लहान मुलांची सोनोग्राफी करण्याबाबत पालकांशी चर्चा करून निर्णय घेतात, परंतु त्यांचा रक्तदाब नियमितपणे मोजला जातो.

मूत्रपिंडे निकामी झाल्यावर प्रत्यारोपण हा सर्वोत्तम उपचार ठरतो आणि नव्या मूत्रपिंडात हा विकार पुन्हा होत नाही. भारतात मूत्रपिंडदाता बहुधा जवळचा नातेवाईक असतो. या विकारात मात्र दान करू इच्छिणाऱ्या भावाला किंवा बहिणीलाही तोच विकार असू शकतो. म्हणून त्यांची सोनोग्राफी आणि दाता तरुण असल्यास जनुकीय चाचणी झाल्याखेरीज त्यांचे मूत्रपिंड स्वीकारले जात नाही. अशा वेळी पत्नी, पती किंवा रोगमुक्त ठरलेला पालक दाता होऊ शकतो.